जहाजाच्या गॅलीत निघालेल्या शेफला पत्र देताना

नेरूळ, सीवूड्स, बेलापूर या पट्ट्यात रेस्टॉरंट चालवणाऱ्याला हा प्रसंग चुकत नाही. दुपारची सर्व्हिस आटोपलेली असते, किचनमधला एखादा चांगला हात एप्रन सोडून काउंटरपाशी येतो आणि हळूच म्हणतो, "सर, बेलापूरला इंटरव्ह्यू आहे, जहाजाचा. तुमचं एक पत्र मिळेल का?" शिपिंग कंपन्यांची आणि भरती करणाऱ्यांची कितीतरी ऑफिसं इथून दोन-तीन स्टेशनांवर असल्यामुळे आपल्याकडची पोरं तिकडे वळतातच. वाईट वाटतं, पण पत्र द्यायचं असतं आणि नीट द्यायचं असतं.

माझं अशा प्रकारचं पहिलं पत्र वाया गेलं होतं, आणि चूक माझीच होती. मुलगा कमी वन, म्हणजे ज्युनियर कुक होता, हात उत्तम होता, स्वभावही चांगला. मी प्रेमापोटी पत्रात त्याला सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा केलं. इंटरव्ह्यूत त्याला सू शेफचेच प्रश्न विचारले गेले: रोस्टर कसा लावतोस, फूड कॉस्ट किती टक्के ठेवायचास, इंडेंट कोण भरायचं. त्याने यातलं काहीच केलेलं नव्हतं. समोरच्यांनी त्याला खोटारडा ठरवला. खरं तर तो खोटं एक अक्षरही बोलला नव्हता, खोटं मी लिहिलं होतं. चार घड्या घातलेलं ते पत्र त्याने माझ्या टेबलावर परत आणून ठेवलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून मी ही पत्रं वेगळ्या पद्धतीने लिहितो. ती पद्धत इथे एका ताज्या पत्राच्या आधारे सांगतो.

आधी विचारा: कुठलं जहाज, कुठलं पद

"जहाज" म्हणजे दोन अगदी वेगळी किचनं. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसं असतात आणि त्यांचं तिन्ही वेळचं जेवण बहुधा एक कुक आणि एक स्टुअर्ड सांभाळतात. तिथे मेन्यू लावणं, महिनाभराचं सामान पुरवून वापरणं, ब्रेड भाजणं हे सगळं एकट्याच्या अंगावर येतं. या पदासाठी आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार, म्हणजे एमएलसी २००६ नुसार, प्रशिक्षित आणि पात्र कुक लागतो, आणि त्या पात्रतेची जागा रेस्टॉरंटचं कितीही सुंदर पत्र घेऊ शकत नाही. कोणी मालवाहू जहाजासाठी पत्र मागायला आला, तर प्रमाणपत्राची वाट त्याला आधी दाखवा.

क्रूझ जहाजाचं किचन मोठ्या हॉटेलासारखं, विभागांत वाटलेलं. हॉट गॅली, कोल्ड गॅली, बुचरी, बेकरी, पेस्ट्री, क्रू मेस. तिथे नवा माणूस खालच्या पायरीवर, एका विभागात घेतात. पदांची नावं कंपनीगणिक बदलतात, म्हणून मी मुलाला जाहिरातीचा फोटोच पाठवायला सांगतो. आमचा हा मुलगा आमच्याकडे करी सेक्शनचा सीडीपी, म्हणजे त्या सेक्शनचा प्रमुख कुक होता आणि अर्ज क्रूझवर असिस्टंट कुकसाठी करत होता. पद खाली जातंय म्हणून तो थोडा नाराज होता. मी म्हटलं, "अरे, तिथली पहिली पायरी हीच. पत्रात तुला वर चढवला तर प्रश्नही वरचेच येतील."

मग रजिस्टरं काढा

लिहायला बसण्याआधी मी चार कागद समोर ठेवतो: नेमणूक पत्र, बढतीची पत्रं, हजेरीचा मस्टर आणि पीएफची नोंद. आठवणीवर भिस्त ठेवायची नाही. आमच्या मुलाच्या बायोडेटात "सीडीपी, तीन वर्षं" असं होतं. कागद सांगत होते ते असं: ८ नोव्हेंबर २०२१ ला कमी टू म्हणून रुजू, १ डिसेंबर २०२२ पासून कमी वन, १ एप्रिल २०२४ पासून सीडीपी, शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२५. म्हणजे सीडीपी म्हणून दहाच महिने. त्याचा हेतू वाईट नव्हता, एकूण नोकरी त्याने शेवटच्या पदाच्या नावावर लावली होती. पण पत्रात दहा महिने आणि बायोडेटात तीन वर्षं असं दिसलं की सगळंच संशयात येतं. म्हणून पत्र देण्याआधी बायोडेटा दुरुस्त करून घेतला. तीन वर्षांत दोन बढत्या हे वाचणाऱ्याला जास्त चांगलं दिसतं, हेही त्याला समजावलं.

पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख आपण टाकायची असते. ती राहिली तर नोंदीत माणूस अजून आपल्याकडेच कामाला दिसतो. पत्रातली आणि पोर्टलवरची तारीख एकच असू द्या.

नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगमध्ये हवं. आपल्याकडे मस्टरवर एक नाव असतं, आधारवर वडिलांच्या नावासकट दुसरं आणि किचनमध्ये हाक मारायचं तिसरंच. पासपोर्टची झेरॉक्स बाजूला ठेवूनच नाव टाइप करा.

आता कामाचा आवाका. "मोठ्या रेस्टॉरंटमध्ये काम केलं" याला अर्थ नाही. बिलिंगच्या सिस्टिममधून मी शेवटच्या तीन महिन्यांचा कव्हर रिपोर्ट, म्हणजे किती जण जेवले त्याचा हिशोब काढला. आमच्या ८८ खुर्च्या. सोमवार ते शुक्रवार सरासरी १५० कव्हर, रविवारी ३१०. केओटीवरून, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवरून विभागवार मोजलं तर रविवारी त्याच्या सेक्शनमधून २४० च्या आसपास प्लेट निघत होत्या, हाताखाली दोन हेल्पर. सकाळी तीस किलो कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही तो स्वतः लावायचा. शिवाय वीकेंडला सुरमई आणि कोळंबी साफ करून पोर्शन पाडणं त्याच्याकडे होतं. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं, कारण क्रूझच्या गॅलीत कटिंग आणि पोर्शनिंग ही नव्या माणसाच्या हातात पडणारी कामं असतात.

साधनांबद्दलही खरं लिहा. जहाजाच्या गॅलीत आपल्यासारखा उघडा गॅस सहसा नसतो. विजेच्या हॉट प्लेट, कॉम्बी ओव्हन, टिल्टिंग पॅन, स्टीम केटल असा मामला असतो. आमच्याकडे कॉम्बी ओव्हन आहे आणि तो त्याने वापरला आहे, ते लिहिलं. टिल्टिंग पॅन त्याने पाहिलेला नाही, म्हणून त्याचा उल्लेख नाही.

स्वच्छतेची नोंद: पत्राचा गाभा

बहुतेक मॅनेजर इथे "स्वच्छतेची काळजी घेतो" एवढं लिहून मोकळे होतात. जहाजवाल्यांच्या दृष्टीने हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण समुद्रावर एकाचं पोट बिघडलं की शेकड्यांचं बिघडायला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या प्रवासी जहाजांची तिथली सार्वजनिक आरोग्य यंत्रणा अचानक तपासणी करते. जहाजावरची माणसं तिला "यूएसपीएच" म्हणतात. १०० पैकी ८६ गुण मिळाले तर पास, ८५ ला नापास. (या यंत्रणेचं संक्षिप्त नाव सीडीसी. आपल्या खलाशांच्या पुस्तिकेलाही सीडीसीच म्हणतात. मुलांचा इथे फार घोळ होतो.)

त्या नियमांत थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा खाली आणि गरम पदार्थ ५७ अंश किंवा वर ठेवायचे असतात. शिजवून थंड करायचा पदार्थ ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आणायचा. आपल्या किचनमध्ये नेमकी इथेच ढिलाई असते. पातेलंभर ग्रेव्ही झाकण ठेवून ओट्यावर "निवायला" ठेवतात आणि रात्री डीप फ्रीजमध्ये ढकलतात. वरून हात लावला तर गार, मध्ये थर्मामीटर घातला तर अजून कोमट.

आमच्याकडे कूलिंग रजिस्टर आहे आणि सीडीपी झाल्यापासून ते हाच मुलगा भरत होता. पत्र लिहिताना मी त्याचं एक पान उघडलं. सप्टेंबरातला रविवार, त्याच्या जरा तिरक्या अक्षरात: ११.४० ला ग्रेव्ही गॅसवरून उतरवली, उथळ स्टीलच्या ट्रेंमध्ये ओतली, ट्रे बर्फाच्या पाण्यात. १२.०५ ला ५७ अंश. १.३५ ला १९ अंश, मग चिलरमध्ये. ४.४५ ला ४ अंश, झाकण, तारखेचं लेबल. पुढे सही. ऐन रविवारच्या गर्दीत दीड वाजता थर्मामीटर घेऊन ट्रेपाशी जाणारा कुक सहज सापडत नाही. हे पान वाचून पत्रातलं वाक्य आपोआप तयार झालं: एप्रिल २०२४ पासून विभागातल्या शिजवलेल्या पदार्थांचं कूलिंग रजिस्टर त्याने स्वतः भरलं, थर्मामीटरने तापमान घेऊन. रजिस्टरची दोन पानं झेरॉक्स करून पत्राला जोडली.

तुमच्याकडे असं रजिस्टर नसेल तर ते आहे असं लिहू नका. जे खरंच होतं ते लिहा: कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवायचा का, कटिंग बोर्ड रंगाप्रमाणे वापरायचा का, एफएसएसएआयचं फॉस्टॅक प्रशिक्षण झालं आहे का, दरवर्षीची फूड हँडलरची वैद्यकीय तपासणी झाली का. प्रशिक्षण आणि तपासणीच्या तारखा लिहा. मात्र "तब्येतीने ठणठणीत" असा दाखला आपण देऊ नये. जहाजासाठीची वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टर करतात.

जे फक्त तुम्हालाच माहीत आहे

माणूस सात-आठ महिने, आठवड्याचे सातही दिवस, दुसऱ्याच्या किचनमध्ये आणि दुसऱ्याबरोबरच्या केबिनमध्ये टिकेल का, हा भरती करणाऱ्याचा खरा प्रश्न असतो. एमएलसीमध्ये किमान विश्रांतीचा नियम आहे, २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७ तास. पण उरलेल्या वेळात काम भरपूर असतं. बायोडेटातून याचं उत्तर मिळत नाही, आपल्या मस्टरमधून मिळतं.

आमचा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातला. गणपतीला गावी जाणं ठरलेलंच. पण तिन्ही वर्षं त्याने रजेचा अर्ज महिनाभर आधी दिला आणि ठरल्या दिवशी परत आला. बाकीच्या वर्षात न सांगता मारलेली दांडी शून्य. चारही डिसेंबरांत शेवटच्या पंधरवड्यात एकही सुट्टी नाही. हे मस्टरवरून मोजून लिहिलं.

दुसरी गोष्ट राहण्याची. पहिली दोन वर्षं तो करावे गावातल्या स्टाफ रूमवर सहा जणांत राहिला. त्यातले दोन नेपाळचे, एक ओडिशाचा, एक बंगालचा. कोण पहाटे चारला झोपणारा, कोण सहाला उठणारा. त्या रूममधून माझ्याकडे भांडणं आली, पण त्यात याचं नाव कधी आलं नाही. ही बाब पत्रात घालावी असं आधी मला सुचलंच नव्हतं. घातली, आणि पुढे फोनवर तिच्याबद्दलच विचारलं गेलं.

तिसरी, आग. जहाजावर आगीइतकं कशालाच भीत नाहीत. २०२४ मध्ये आमच्याकडे फ्रायरमधल्या तेलाने पेट घेतला. शेजारच्या हेल्परने पाण्याचा जग उचलला होता. याने त्याचा हात धरला, गॅस बंद केला, फ्रायरवर स्टीलचं झाकण सरकवलं आणि पंधरा मिनिटं ते कोणाला उघडू दिलं नाही. अपघात रजिस्टरमध्ये तारीख होती. पत्रात ते दोन वाक्यांत दिलं. असा प्रसंग घडला नसेल तर "संकटात शांत राहतो" वगैरे काही लिहू नका.

ड्यूटीवर दारू-तंबाखूची तक्रार नसेल तर "अशी कोणतीही नोंद नाही" एवढंच लिहा. जहाजांवर मद्याचे नियम कडक असतात आणि अचानक चाचण्याही होतात. माणूस घरी काय करतो याची हमी देणं आपलं काम नाही. तसंच महाराष्ट्रातल्या किचनमध्ये गोमांस येत नाही. जहाजावर सगळ्या प्रकारचं मांस हाताळायची तयारी आहे का, हे त्याने स्वतःच इंटरव्ह्यूत सांगायचं.

पत्राचा मजकूर

प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत जातं. पण मी आधी मराठीत लिहितो, म्हणजे पोकळ शब्द लगेच कळतात, आणि मग साध्या, छोट्या वाक्यांत इंग्रजी करतो. एक पान, त्याहून जास्त नाही. आमच्या मुलाचं पत्र असं होतं:

"श्री. (पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव) यांनी आमच्या ८८ आसनांच्या रेस्टॉरंटमध्ये ८ नोव्हेंबर २०२१ ते ३१ जानेवारी २०२५ या काळात पूर्णवेळ काम केले. ते कमी टू म्हणून रुजू झाले, १ डिसेंबर २०२२ रोजी कमी वन आणि १ एप्रिल २०२४ रोजी भारतीय करी विभागाचे सीडीपी झाले. या संपूर्ण काळात मी त्यांचा मॅनेजर होतो.

त्यांचा विभाग रविवारी सुमारे २४० प्लेट देत असे. दोन मदतनीसांसह सकाळची तयारी, ग्रेव्ही आणि सर्व्हिस ते सांभाळत. मासे आणि कोळंबी साफ करणे व पोर्शन पाडणे हे कामही त्यांच्याकडे होते. ते कॉम्बी ओव्हन वापरतात. काँटिनेंटल विभागात त्यांनी आमच्याकडे काम केलेले नाही.

एप्रिल २०२४ पासून विभागाचे कूलिंग रजिस्टर त्यांनी स्वतः भरले. दोन पाने सोबत जोडली आहेत. त्यांचे फॉस्टॅक प्रशिक्षण झालेले आहे.

तीन वर्षांत त्यांची एकही विनासूचना गैरहजेरी नाही. दोन वर्षे ते सहा जणांच्या निवासात राहिले, त्यांच्याविरुद्ध तक्रार आली नाही. २०२४ मध्ये फ्रायरला आग लागली असता त्यांनी गॅस बंद करून झाकणाने ती विझवली. ड्यूटीवर मद्यसेवनाची कोणतीही नोंद नाही.

जहाजावर काम करण्यासाठी त्यांनी स्वेच्छेने, नोटीसचा पूर्ण काळ भरून नोकरी सोडली. जागा असल्यास मी त्यांना पुन्हा कामावर घेईन. अधिक माहितीसाठी दुपारी साडेतीन ते सहा या वेळेत खालील क्रमांकावर माझ्याशी बोलता येईल."

काँटिनेंटलचं वाक्य पाहून मुलाचा चेहरा उतरला होता. ते वाक्य मी ठेवलं, कारण ट्रायलला सॉस करायला सांगितला असता तर ते कळलंच असतं, आणि एक उणीव मोकळेपणाने लिहिलेली असली की वरच्या ओळींवर विश्वास बसतो. "प्रामाणिक, मेहनती, गुणी" हे शब्द पत्रात कुठेच नाहीत, त्यांची गरजही पडली नाही. पगाराचा आकडा लिहायचा नाही, तो सॅलरी स्लिपमध्ये असतो.

हे शिफारसपत्र आहे. अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर हे वेगळे कागद, ते तिन्ही वेगवेगळेच द्या. कंपनीचं लेटरहेड, त्यावर पत्ता आणि एफएसएसएआय परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, निळ्या शाईची सही, नाव, हुद्दा, शिक्का, तारीख. तीन मूळ प्रती आणि एक स्कॅन केलेली पीडीएफ. पोरं दोन-तीन ऑफिसांत अर्ज करतात, त्यामुळे पत्र कुठल्याही एका कंपनीच्या नावे लिहू नका.

एजंटचा फोन आला तर

पत्र दिल्यावर चार दिवसांनी एका एजंटचा मला फोन आला. म्हणाला, काँटिनेंटलची ओळ काढा आणि दोन कोऱ्या लेटरहेडवर सही-शिक्का करून द्या, बाकी मी बघतो. मी नाही म्हटलं आणि मुलाला बोलावून घेतलं. तेव्हा कळलं की त्याने "प्लेसमेंट चार्ज" म्हणून पैसेही मागितले होते. एमएलसीनुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी पुस्तिका आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे असू शकतो. आपल्याकडे भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा आरपीएसएल हा भरतीचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर पाहता येते. आम्ही दोघांनी काउंटरच्या कॉम्प्युटरवर ती उघडली. एजंटचं नाव तिथे नव्हतं. मुलाने यादीतल्या दुसऱ्या ऑफिसात अर्ज केला.

पडताळणीची तयारी

चांगलं ऑफिस फोन करतंच. पूर्वी एकदा असा फोन जेवणाच्या गर्दीत आमच्या कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने उचलला, "तो सोडून गेला" म्हणाला आणि ठेवून दिला. खरंच बोलला, पण ऐकणाऱ्याला ते कसं लागलं असेल! आता पत्रात माझा थेट नंबर आणि रेस्टॉरंटच्या नावाचा ईमेल असतो. काउंटरवर चिठ्ठी चिकटवलेली असते: या नावाची चौकशी आली तर नंबर घ्या, सरांना द्या. पत्राची प्रत आणि रजिस्टरची पानं एका फायलीत, म्हणजे मी नसलो तरी पुढचा मॅनेजर तेच सांगेल.

या मुलासाठी फोन तीन आठवड्यांनी आला. बाईंनी तारखा आणि पदं पुन्हा विचारली. मग विचारलं, सहा जणांच्या रूमवर वेगवेगळ्या प्रांतांची माणसं होती का, आणि कूलिंगचं रजिस्टर रोज भरलं जायचं की तपासणीच्या आधी एकदम. मी सांगितलं, रोज, आणि मागच्या पानांवर दोन ठिकाणी तापमान वेळेत उतरलं नाही म्हणून त्याने माल टाकून दिल्याच्याही नोंदी आहेत. त्यांनी ती दोन पानं मागितली. मी ती त्याच संध्याकाळी स्कॅन करून पाठवली.